रिले सुटताना बोर्ड रीसेट होणे आणि ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा जळणे: दोष कसा शोधावा

मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून ट्रान्झिस्टरमार्फत रिले चालवण्याचे सर्किट पाच-सहा सुट्या भागांचे असते आणि पहिल्याच दिवशी चालतेही. त्यामुळे काही आठवड्यांनी ते बिघडले की आपण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीसाठी मी केलेल्या पंप-नियंत्रकात नेमके हेच घडले. एका रात्री पंप थांबलाच नाही, टाकी वाहून गेली आणि सकाळी पाहिले तर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला होता. मी नवा ट्रान्झिस्टर लावून डबा बंद केला. सात आठवड्यांनी तोही तसाच गेला. मधल्या काळात पंप बंद होताना बोर्ड कधीकधी आपोआप रीसेट होत असे आणि थंडीतल्या काही सकाळी रिले उचलतच नसे. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते तीन वेगळे दोष निघाले, आणि वेळ गेला तो त्यांना एक समजल्यामुळेच.

सर्किट असे होते. ईएसपी-३२ बोर्डाच्या जीपीआयओ २६ या पिनपासून १० किलोओहमचा रोध बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टर ते ५ व्होल्ट यांच्यामध्ये रिलेची कॉइल. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, त्याची पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. रिले बाजारात सर्वत्र मिळणारा निळा, ५ व्होल्टचा, ज्याच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे तो सुमारे ७१ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. रिलेचे संपर्क पंपाची मोटर थेट जोडत नव्हते, तर स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्ट एसी कॉइलला वीज देत होते.

अशा सर्किटात पहिला प्रश्न हा विचारावा की बिघाड कोणत्या क्षणी होतो: रिले उचलताना, उचललेला असताना, की सुटताना. उचलताना बोर्ड रीसेट होत असेल, तर संशय पुरवठ्यावर जातो. कॉइलचा प्रवाह आणि त्याच वेळी वायफायने मागितलेला काहीशे मिलिअँपिअरचा झटका मिळून स्वस्त चार्जरचे किंवा बारीक केबलचे व्होल्टेज खाली ओढतात. डायोड उलटा बसला असेल तरीही लक्षण याच क्षणी दिसते, कारण ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा डायोडमधून शॉर्ट होतो आणि ट्रान्झिस्टर बहुधा जागीच जातो. सुटताना बिघाड होत असेल, तर पुरवठ्यावर वेळ घालवू नये. त्या क्षणी भार कमी होत असतो, वाढत नसतो. तेव्हा कॉइलमध्ये किंवा संपर्कांना जोडलेल्या भारात साठलेली ऊर्जा कुठे जाते, ते पाहावे.

कॉइलमधून प्रवाह वाहत असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी तो प्रवाह क्षणात शून्य होऊ शकत नाही.

```
V = L × di/dt
E = ½ × L × I²
```

प्रवाहाला वाट ठेवली नाही, तर कलेक्टरचे व्होल्टेज वाट सापडेपर्यंत चढत जाते. बीसी ५४७ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्ट आहे. ती ओलांडून थोडे पुढे गेल्यावर ट्रान्झिस्टरच मोडून वाट देतो. कॉइलचे इंडक्टन्स ०.१ हेन्री धरले, तर ७१ मिलिअँपिअरला साठणारी ऊर्जा पाव मिलिज्यूलच्या आसपास येते. हा एक घाव ट्रान्झिस्टर सहज सोसतो, पुढचे शेकडोही सोसतो, आणि एखाद्या दिवशी कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन बसतो. म्हणून डायोड नसलेले सर्किट टेबलावर तपासताना निर्दोष वाटते. डायोड असेल तर बंद होण्याच्या क्षणी कलेक्टर फक्त ५.७ व्होल्टपर्यंत चढतो आणि कॉइलचा प्रवाह कॉइल व डायोड यांच्या छोट्या फेऱ्यात फिरत काही मिलिसेकंदांत विरतो. येथे वेगवान डायोडच हवा, हा सल्ला वारंवार ऐकू येतो. १एन४००७ मंद आहे हे खरे, पण मंद असते ते त्याचे बंद होणे. पुढच्या दिशेने तो पुरेसा झटपट चालू होतो आणि रिलेसाठी तेवढेच हवे असते.

माझ्या सर्किटात तर डायोड होता, सरळ दिशेने होता, आणि तरी ट्रान्झिस्टर जात होता. मी मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही दिशांनी मापले. दोन्हीकडे सत्तर-ऐंशी मिलिव्होल्ट आले, आणि पहिल्या वेळी मी त्याचा अर्थ डायोड शॉर्ट झाला असा लावून नवा डायोड आणायला निघालो होतो. पण डायोड कॉइलला समांतर आहे. मीटरचा सुमारे एक मिलिअँपिअरचा चाचणी-प्रवाह कॉइलच्या ७० ओहममधून निघून जातो आणि आपल्याला दिसतो तो कॉइलचा रोध. डायोड चांगला असो, तुटलेला असो की जागेवर नसोच, आकडा तोच येणार. शॉर्ट झालेला डायोड तेवढा वेगळा, जवळजवळ शून्य आकडा देईल. म्हणून सर्किटात बसलेला डायोड मीटरने तपासता येत नाही. त्याचा एक पाय सोडवावाच लागतो.

मी पाय सोडवण्यासाठी सोल्डरिंगची इस्त्री टेकवली आणि पाय टेकवताक्षणी हातात आला. तो टाका ड्राय होता. वरून चकचकीत गोळा दिसत होता, पण पायाला धातू धरलेला नव्हता. १एन४००७चे पाय जाड असतात आणि कमी वॅटची इस्त्री घाईने फिरवली की असे होते. डायोड स्वतः ठीक होता, फक्त सर्किटात नव्हता.

ऑसिलोस्कोप असेल तर हे पाय न सोडवताही दिसते. नसेल तर एक साधी युक्ती चालते, तीही रिलेच्या संपर्कांवरची २३० व्होल्टची जोडणी पूर्णपणे काढूनच करावी. दुसरा १एन४००७ घेऊन त्याचा ॲनोड कलेक्टरला, कॅथोड ०.१ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरला आणि कपॅसिटरचे दुसरे टोक ग्राउंडला जोडावे, मग कपॅसिटरवर मीटर डीसी व्होल्टला लावून रिले चालू-बंद करत राहावे. कपॅसिटर किमान १०० व्होल्टचा, शक्यतो २५० व्होल्टचा असावा. कलेक्टरने गाठलेले शिखर कपॅसिटर क्षणभर धरून ठेवतो. नेहमीच्या १० मेगाओहमच्या मीटरमधून ते सेकंदाभरात उतरते, म्हणून सर्वांत मोठा आकडा टिपावा. मोठा कपॅसिटर लावण्याचा मोह टाळावा. एक मायक्रोफॅरडचा लावला तर कॉइलची पाव मिलिज्यूल ऊर्जा तोच गिळतो आणि शिखर वीस-बावीस व्होल्टवरच थांबलेले दिसते. टाका तसाच परत टेकवून मी मापले तेव्हा आकडा साठीच्या आसपास गेला. नीट सोल्डर केल्यावर तो पाच व्होल्टजवळ स्थिर राहिला. ट्रान्झिस्टर का जळत होता, हा प्रश्न येथे संपला.

दुसरी तक्रार थंडीच्या सकाळची. ती उचलण्याच्या क्षणाची होती, म्हणून आधी पुरवठा पाहिला. तो ५.० व्होल्ट होता आणि हलत नव्हता. मग रिले उचललेला असताना कलेक्टर ते ग्राउंड मापले. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असेल तर येथे ०.२ व्होल्टच्या आसपास, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवे. मला १.१ व्होल्ट मिळाले. म्हणजे कॉइलवर ३.९ व्होल्ट उरत होते आणि तिच्यातून ५६ मिलिअँपिअर जात होते. या जातीच्या ५ व्होल्टच्या रिलेसाठी उत्पादक उचलण्याचे व्होल्टेज जास्तीत जास्त ३.७५ सांगतात. सीमा अगदी जवळ होती.

कारण बेसच्या रोधात होते. हे सर्किट मी माझ्याच जुन्या वहीतून उतरवले होते आणि तेथे पिन ५ व्होल्टची होती. ईएसपी-३२ची पिन ३.३ व्होल्ट देते, त्यातून बेस-एमिटरचे ०.७ वजा केले की २.६ उरतात, आणि १० किलोओहममधून फक्त ०.२६ मिलिअँपिअर बेसला मिळतो. एवढ्या प्रवाहावर ७१ मिलिअँपिअर खेचायचे तर ट्रान्झिस्टरचा गुणक किमान २७३ हवा. बीसी ५४७च्या बी गटात तो २०० ते ४५० यांत कुठेही असू शकतो, ए गटात ११० ते २२० असतो. माझ्या नगाचा २१५च्या आसपास होता. गारठ्यात गुणक आणखी काही टक्के घसरतो, आणि ज्या सकाळी प्रवाह उंबरठ्याखाली जातो त्या सकाळी रिले उचलतच नाही. दुपारी मी गच्चीवर जाऊन पाहिले की सर्व ठीक चाललेले असे, आणि सकाळी पंप चालू झाला नाही हे वॉचमनचे म्हणणे खोटे ठरे. त्याची मी नंतर माफी मागितली.

येथे डेटाशीटमधला गुणक वापरायचाच नसतो. स्विच म्हणून चालवायच्या ट्रान्झिस्टरला कलेक्टरच्या प्रवाहाच्या दहाव्या ते विसाव्या भागाइतका बेसप्रवाह द्यावा, म्हणजे नग कोणताही आला तरी तो पूर्ण चालू होतो.

```
Ib = 71 mA / 15 ≈ 4.7 mA
Rb = (3.3 V − 0.7 V) / 4.7 mA ≈ 553 Ω  →  560 Ω
```

साडेचार मिलिअँपिअर ईएसपी-३२च्या पिनला सहज झेपतात. ट्रान्झिस्टरही मी बदलून बीसी ३३७ घेतला. बीसी ५४७ची सततच्या प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे आणि ७१ तिच्या आतच बसतात, पण बंद डब्यात तासन्‌तास चालणाऱ्या सर्किटात मला ते जवळचे वाटते. बीसी ३३७ काहीशे मिलिअँपिअर सहज पेलतो आणि त्याच्या पायांचा क्रमही तोच आहे: सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ घेतला तर मात्र क्रम उलटा येतो. पाय उलटे बसलेला ट्रान्झिस्टरही अर्धवट चालतो, आणि असा दोष शोधायला सर्वांत त्रासाचा असतो. बदलानंतर कलेक्टरवर ०.१ व्होल्ट मिळाले. बेस ते एमिटर १० किलोओहमचा एक रोधही त्याच वेळी लावला, कारण बोर्ड सुरू होताना प्रोग्राम पिनचा ताबा घेईपर्यंत पिन लोंबकळत असते आणि तेवढ्या वेळात रिले एकदा टकटक करू शकतो.

तिसरी तक्रार सुटताना होणाऱ्या रीसेटची. टाका दुरुस्त झाल्यावर तीही जाईल अशी माझी खात्री होती. ती कमी झाली, गेली नाही. म्हणून पुढील छोटा प्रोग्राम घालून रिले नुसता चालू-बंद करत ठेवला.

```cpp
#include <esp_system.h>
const int RELAY = 26;
int n = 0;

void setup() {
  digitalWrite(RELAY, LOW);
  pinMode(RELAY, OUTPUT);
  Serial.begin(115200);
  Serial.println((int)esp_reset_reason());
}

void loop() {
  digitalWrite(RELAY, HIGH); delay(2000);
  digitalWrite(RELAY, LOW);  delay(2000);
  Serial.println(++n);
}
```

`esp_reset_reason()` हे फंक्शन मागचा रीसेट कशामुळे झाला ते सांगते. ९ आल्यास पुरवठा खाली गेला होता, ४ आल्यास प्रोग्राम कोसळला, ५ ते ७ आल्यास वॉचडॉगने उठवले. १ म्हणजे वीज नव्याने आली. पण ईएसपी-३२वर `EN` पिन क्षणभर खाली ओढली गेली तरीही १ च येतो. त्यामुळे वीज गेलेली नसताना १ दिसत असेल तर `EN` रेषेवर बाहेरून काहीतरी आदळत आहे, असे समजावे. चाचणी करताना बोर्डाला त्याचाच चार्जर लावावा. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवले तर पुरवठा आणि ग्राउंड दोन्ही बदलतात आणि दोष लपू शकतो. म्हणून मी आकडे सिरीयलऐवजी डब्यातल्या एलसीडीवरच दाखवले.

पहिली फेरी रिलेच्या संपर्कांवरच्या तारा पूर्ण काढून केली. २०० वेळा रिले उचलला आणि सुटला, एकही रीसेट नाही. याचा अर्थ कॉइलची बाजू, म्हणजे ट्रान्झिस्टर, डायोड आणि पुरवठा, निर्दोष होती. दुसऱ्या फेरीत कॉन्टॅक्टरची कॉइल पुन्हा जोडली, मात्र मोटरकडे जाणारी वीज तोडून ठेवली, नाहीतर दर चार सेकंदांनी पंप धडकत राहिला असता. शंभरांत पाच वेळा बोर्ड रीसेट झाला, प्रत्येक वेळी सुटताना, आणि प्रत्येक वेळी आकडा १.

दोष संपर्कांच्या बाजूला होता. कॉन्टॅक्टरची कॉइल हाही इंडक्टिव्ह भारच आहे, रिलेच्या कॉइलपेक्षा बराच मोठा, आणि रिलेच्या कॉइलवरचा आपला डायोड त्याच्यासाठी काहीच करत नाही. संपर्क उघडताना त्यांच्यात ठिणगी पडते, तिच्यासोबत काही शे व्होल्टचे तीव्र झटके तारांवर जातात आणि शेजारून गेलेल्या सिग्नलच्या तारांत उतरतात. येथे डायोड लावण्याचा विचारही करू नये. पुरवठा एसी आहे, अर्ध्या चक्रात डायोड सरळ शॉर्ट करेल. येथे रोध आणि कपॅसिटर यांची जोडी लागते: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकसर जोडून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर. कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ वर्गाचाच हवा, कारण साधा फिल्म कपॅसिटर मेन्सवर कालांतराने फुटू शकतो. ही जोडी दुकानात तयारही मिळते आणि ती स्नबर नावाने मागावी.

स्नबर रिलेच्या संपर्कांवर लावावा असेही अनेक आकृत्यांत दिसते. मी तो कॉइलवर लावणे पसंत करतो. ५० हर्ट्‌झला ०.१ मायक्रोफॅरडमधून सुमारे सात मिलिअँपिअर प्रवाह जातो. संपर्कांवर लावल्यास रिले सुटल्यावरही तेवढा प्रवाह कॉइलमधून वाहत राहतो. मोठ्या कॉन्टॅक्टरला त्याचे काही वाटत नाही, पण लहान कॉन्टॅक्टर त्यावर चिकटून राहू शकतो, आणि रिले सुटला असे समजून हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. हे सर्व काम एमसीबी पाडून आणि टेस्टरने खात्री करूनच करावे.

स्नबर लावला, डब्यातल्या कॉन्टॅक्टरच्या तारा बोर्डाच्या तारांपासून वेगळ्या बाजूने नेल्या आणि तिसरी फेरी ३०० वेळांची केली. रीसेट एकही झाला नाही.

एक गोष्ट या तिन्ही दुरुस्त्यांनी सुटत नाही. ट्रान्झिस्टर जातो तेव्हा तो बहुधा शॉर्ट होऊनच जातो आणि पंप चालू स्थितीत अडकतो. अशा वेळी पिनवर शून्य व्होल्ट असूनही कलेक्टरवर जवळजवळ शून्यच दिसते, ही त्याची ओळख. प्रोग्रामला ते थांबवता येत नाही आणि रिलेचे संपर्क वितळून चिकटले तरी परिणाम तोच. म्हणून टाकीच्या काठाजवळ एक साधा फ्लोट स्विच बसवून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेतच एकसर जोडला आहे, बोर्डाच्या कोणत्याही पिनला नाही.